औषधांच्या पेटंटचे राजकारण : कंपन्या, स्वयंसेवी संस्था आणि देशोदेशींची जाळी यांच्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आंतरराष्ट्रीय संबंधांच्या पुस्तकांत ‘राज्येतर घटक’ या प्रकरणात बहुधा नावांची यादी असते. यादी पाठ होते, पण हे घटक नेमके काय करतात ते कळत नाही. म्हणून या पानावर एकच प्रकरण सविस्तर घेतले आहे : एड्सच्या औषधांची किंमत. त्यात बहुराष्ट्रीय कंपन्या आहेत, स्वयंसेवी संस्था आहेत, रुग्णांची जाळी आहेत आणि मुंबईही आहे.

राज्येतर घटक म्हणजे कोण? त्यांच्या हाती सत्ता असते का?

करारावर सही करण्याचा, कायदा करण्याचा किंवा जागतिक व्यापार संघटनेत तक्रार दाखल करण्याचा अधिकार ज्यांना नाही, तरीही या तिन्ही गोष्टींवर ज्यांचा प्रभाव पडतो, ते राज्येतर घटक. औषध कंपनीला जिनिव्हात मत नसते. ‘मेदसँ साँ फ्रोंतिएर’ म्हणजे सीमाविरहित डॉक्टरांच्या संघटनेलाही नसते. त्यामुळे दोघांचे काम एकाच जागी येऊन थांबते : कुठल्या तरी सरकारने आपले म्हणणे स्वतःचे म्हणून मांडायला हवे. कंपनी त्यासाठी तज्ज्ञ, मसुदे आणि गुंतवणुकीचे गाजर वापरते. संस्था माहिती, न्यायालय आणि बदनामीची भीती वापरते. सरकार वगळून काम झाल्याचे उदाहरण या प्रकरणात तरी एकही नाही.

औषधांच्या पेटंटचा जागतिक नियम कंपन्यांनी लिहिला असे म्हणतात. हे कितपत खरे?

बरेचसे खरे. सही सरकारांची, पण आराखडा कंपन्यांचा.

१९८०च्या दशकाच्या सुरुवातीला पेटंटचा विषय जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे होता. तिथे प्रत्येक देशाला एक मत, आणि विकसनशील देश बहुसंख्य. शिवाय नियम मोडणाऱ्याला शिक्षा करण्याची सोय तिथे नव्हती. अमेरिकी कंपन्यांना तिथे हवे ते मिळेना, तेव्हा त्यांनी मंच बदलायचे ठरवले आणि विषय व्यापाराच्या वाटाघाटींत नेला. व्यापारात शिक्षा करता येते, कारण आयातीवर जकात वाढवता येते.

हे घडवणाऱ्यांत फायझर कंपनीचे प्रमुख एडमंड प्रॅट महत्त्वाचे. अमेरिकी सरकारला व्यापार वाटाघाटींवर सल्ला देणाऱ्या समितीचे ते अध्यक्षही होते. मार्च १९८६मध्ये त्यांनी आणि आयबीएमचे जॉन ओपेल यांनी पुढाकार घेऊन ‘बौद्धिक संपदा समिती’ स्थापली. समितीत डझनभर अमेरिकी कंपन्या होत्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये उरुग्वेतील पुंता देल एस्ते इथे गॅट या जागतिक व्यापार कराराच्या वाटाघाटींची नवी फेरी सुरू होणार होती. समितीने जपान आणि युरोपातील उद्योगसंघटनांना सोबत घेतले आणि १९८८मध्ये तिघांनी मिळून एक तपशीलवार आराखडा सरकारांना दिला. ट्रिप्स म्हणजे व्यापाराशी निगडित बौद्धिक संपदेच्या जागतिक करारात पुढे जे आले, त्यातला मोठा भाग या आराखड्याशी जुळतो. करार १ जानेवारी १९९५ला लागू झाला. सर्व तंत्रक्षेत्रांत पेटंट द्यायचे, औषधे त्याला अपवाद नाहीत, आणि मुदत अर्ज केल्यापासून किमान २० वर्षे, हा त्याचा गाभा.

यात लाच, कट असे काही शोधायची गरज नाही. सगळे उघडपणे झाले. सरकारी अधिकाऱ्यांना या गुंतागुंतीच्या विषयाची माहिती कमी होती, कंपन्यांकडे ती तयार होती, आणि तयार मसुदा हातात आला की वाटाघाटी त्याच्याच भोवती फिरतात. पुढे स्वयंसेवी संस्थांनीही हेच केले.

मग भारतासारख्या देशांनी ते मान्य का केले?

सुरुवातीला केले नाही. भारत आणि ब्राझील विरोधात आघाडीवर होते. भारताच्या १९७०च्या कायद्यात औषधाच्या रेणूला पेटंट नव्हते, फक्त तो बनवण्याच्या प्रक्रियेला होते, तेही जास्तीत जास्त सात वर्षे. दुसऱ्या प्रक्रियेने तोच रेणू बनवणे कायदेशीर होते. भारतीय औषधउद्योग याच तरतुदीवर वाढला.

विरोध मोडला तो दोन गोष्टींनी. एक, अमेरिकेने व्यापारकायदा वापरून एकेका देशावर दबाव आणला. ऑक्टोबर १९८८मध्ये औषधांना पेटंट देत नाही म्हणून ब्राझीलच्या कागद, औषधे आणि इलेक्ट्रॉनिक मालावर १०० टक्के जकात लावली. दोन, नव्या फेरीतले सर्व करार एकगठ्ठा होते. कापड आणि शेतीतल्या सवलती हव्या असतील, तर पेटंटचा नियमही घ्यावा लागणार होता. बदल्यात मुदत मिळाली. ज्या देशांत औषधांना पेटंट नव्हते, त्यांना २००५पर्यंत थांबता आले. ही दहा वर्षे पुढे निर्णायक ठरली.

पेटंटमुळे एड्सचे औषध नेमके किती महाग होते?

१९९६च्या सुमारास तीन औषधे एकत्र दिली की एचआयव्हीचा रुग्ण जगतो हे सिद्ध झाले. त्या उपचाराची किंमत श्रीमंत देशांत माणशी वर्षाला १०,००० ते १५,००० डॉलर होती. सर्वाधिक रुग्ण सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत होते आणि तिथे ही किंमत सरकारलाही झेपणारी नव्हती.

उत्पादनाचा खर्च किती, हे बाहेर कोणालाच ठाऊक नव्हते. पेटंटधारक ते सांगत नाही आणि दुसरा उत्पादक नसेल तर तुलना करायला काही उरत नाही. कंपन्यांचे खरे बळ या न दिसणाऱ्या आकड्यात होते. ‘औषध महागच असते’ या वाक्याला उत्तर द्यायला आकडाच नव्हता.

दक्षिण आफ्रिकेवर ३९ कंपन्यांनी खटला भरला तो कशासाठी?

१९९७मध्ये नेल्सन मंडेला यांच्या सरकारने औषधविषयक कायद्यात दुरुस्ती केली. तिच्या कलम १५क ने आरोग्यमंत्र्यांना समांतर आयातीचा अधिकार मिळाला. म्हणजे तीच कंपनी तेच औषध दुसऱ्या देशात स्वस्त विकत असेल, तर तिथून विकत घेऊन आणणे. शिवाय डॉक्टरने ब्रँडचे नाव लिहिले तरी औषधविक्रेत्याने स्वस्त जेनेरिक देण्याची तरतूद होती.

फेब्रुवारी १९९८मध्ये तिथल्या औषधउत्पादक संघटनेने आणि बहुराष्ट्रीय कंपन्यांनी प्रिटोरियाच्या उच्च न्यायालयात या कायद्याला आव्हान दिले. कायदा घटनाबाह्य आहे आणि ट्रिप्सचा भंग करतो, असे त्यांचे म्हणणे. अमेरिकी सरकारनेही दक्षिण आफ्रिकेला व्यापारी दबावाच्या यादीत टाकले. तीन वर्षे कायद्याची अंमलबजावणी अडकून राहिली. खटला जिंकणे हा एक भाग झाला. तो चालू ठेवला तरी इतर देशांना संदेश जातो, हा दुसरा.

आणि माघार का घेतली?

इथे तीन हालचाली जवळजवळ एकाच वेळी झाल्या आणि तिघांचे कर्ते वेगळे होते.

पहिली अमेरिकेत. उपाध्यक्ष अल गोर हे अमेरिका-दक्षिण आफ्रिका संयुक्त आयोगाचे सहअध्यक्ष होते आणि २०००च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत उतरत होते. जून १९९९मध्ये त्यांच्या प्रचाराच्या पहिल्याच दिवसापासून ‘ॲक्ट अप’ या एड्सविषयक गटाचे कार्यकर्ते सभांमध्ये घोषणा देऊ लागले. दाव्याचा मुद्दा चूक की बरोबर यापेक्षा उमेदवाराला रोज एकच प्रश्न विचारला जाणे जास्त भोवले. सप्टेंबर १९९९पर्यंत अमेरिकेने दबाव मागे घेतला. कंपन्यांमागचे सरकार बाजूला झाले.

दुसरी हालचाल दक्षिण आफ्रिकेत. १० डिसेंबर १९९८ला केप टाउनमध्ये ‘ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेन’ सुरू झाले. झॅकी अक्मट हे त्याचे सर्वांना माहीत असलेले नाव. या संघटनेने मार्च २००१मध्ये खटल्यात न्यायमित्र म्हणून, म्हणजे पक्षकार नसताना न्यायालयाला मदत करणारा म्हणून, दाखल होण्याची परवानगी मागितली आणि न्यायाधीश बर्नार्ड एन्गोएपे यांनी ती दिली. तोपर्यंत वाद मालमत्तेच्या हक्काचा होता. न्यायमित्राच्या प्रतिज्ञापत्रांनी तो जगण्याच्या हक्काचा झाला, आणि संशोधनावर खरोखर किती खर्च झाला, त्यात सरकारी पैसा किती, हे प्रश्न नोंदीवर आले. उत्तर द्यायचे तर हिशेबाची कागदपत्रे दाखवावी लागणार. कंपन्यांनी वेळ मागितला. न्यायालयाने १८ एप्रिलपर्यंतचाच दिला. दरम्यान ज्या कलमावर सर्वांत जास्त आक्षेप होता, त्याचा मजकूर जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्याच तज्ज्ञसमितीच्या मसुद्यावरून घेतल्याचे समोर आले. १९ एप्रिल २००१ला दावा बिनशर्त मागे घेतला गेला.

तिसरी हालचाल मुंबईतून झाली. तिला वेगळे उत्तर हवे.

सिप्लाने काय केले? ती तर कंपनीच होती.

होय, नफ्यासाठी चालणारी कंपनी. आणि तिच्याशिवाय संस्थांची मोहीम नैतिक आवाहनापुरतीच राहिली असती.

सिप्लाचे प्रमुख युसुफ हमीद यांनी सप्टेंबर २०००मध्ये ब्रुसेल्समध्ये युरोपीय आयोगाच्या बैठकीत वर्षाला ८०० डॉलरचा दर जाहीर केला होता. फारसा प्रतिसाद आला नाही. त्यानंतर अमेरिकेतील जेम्स लव्ह यांनी, ते ग्राहकहिताच्या संस्थेत काम करणारे अर्थतज्ज्ञ, कच्च्या मालाच्या दरावरून उत्पादनखर्च काढता येईल का, हा प्रश्न धसास लावला. फेब्रुवारी २००१मध्ये सिप्लाने सीमाविरहित डॉक्टरांच्या संघटनेला वर्षाला ३५० डॉलर आणि सरकारांना ६०० डॉलर असा दर दिला. ३५० डॉलर म्हणजे दिवसाला एक डॉलरच्या आत. बातमी जगभर पहिल्या पानावर आली, आणि न दिसणारा आकडा एकदाचा दिसला. महिन्याभराने प्रिटोरियातला खटला सुनावणीला आला तेव्हा वातावरण बदललेले होते.

यात एक तांत्रिक बाब आहे आणि ती फार महत्त्वाची आहे. सिप्लाच्या गोळीत स्टॅव्हुडिन, लॅमिव्हुडिन आणि नेव्हिरापिन ही तिन्ही औषधे एकत्र होती. पाश्चात्त्य देशांत या तिघांचे हक्क तीन वेगवेगळ्या कंपन्यांकडे होते, त्यामुळे ती एका गोळीत कोणी घालत नव्हते. भारतात रेणूवर पेटंट नव्हते, म्हणून सिप्लाला ते शक्य झाले. सकाळी एक, संध्याकाळी एक एवढाच उपचार. आफ्रिकेतल्या रुग्णांना घड्याळ पाहून मूठभर गोळ्या घेणे जमणार नाही, हा त्या काळी गंभीरपणे मांडला जाणारा आक्षेप होता. त्या गोळीने तो निकालात काढला.

स्टॅव्हुडिनच्या बाबतीत आणखी एक घटक पुढे आला, विद्यापीठ. त्याचे पेटंट अमेरिकेतील येल विद्यापीठाकडे होते आणि परवाना ब्रिस्टल-मायर्स स्क्विब या कंपनीकडे. सीमाविरहित डॉक्टरांनी येलला पत्र लिहिले, विद्यार्थ्यांनी मोहीम चालवली, रेणूवर काम केलेले संशोधक विल्यम प्रुसॉफ यांनीही जाहीर पाठिंबा दिला. मार्च २००१मध्ये दक्षिण आफ्रिकेत हे पेटंट बजावणार नाही, असे जाहीर झाले. हक्काची साखळी कुठे कुठे जाते हे तपासले, तर दबाव कुठे द्यायचा ते सापडते. कंपनीला समभागधारकांची चिंता असते, विद्यापीठाला नावाची.

अशा जाळ्यात प्रत्यक्ष काम कसे वाटले जाते? एकच मोठी संस्था का पुरत नाही?

कारण कामे वेगळ्या स्वभावाची आहेत. दवाखाना चालवणाऱ्याकडे ‘उपचार गरीब वस्तीतही चालतो’ याचा पुरावा असतो. सीमाविरहित डॉक्टरांनी केप टाउनजवळच्या खायेलित्शामध्ये २००१मध्ये सार्वजनिक दवाखान्यांतून औषधे देणे सुरू केले, ते याचसाठी. वकिलांचा गट न्यायालयात उभा राहतो. रस्त्यावरचा गट नेत्याला अडवतो आणि अडवताना चर्चेला बसणाऱ्यांची पत थोडी वाढवूनच ठेवतो. जिनिव्हातली दोन-चार माणसे मसुद्यातले स्वल्पविराम पाहतात. रुग्णांच्या संघटनेकडे या सर्वांना बोलण्याचा अधिकार देणारी गोष्ट असते, ती म्हणजे ज्याचा जीव आहे तो स्वतः बोलतो आहे.

जाळे बिघडते ते बहुधा दोन जागी. उत्तरेकडच्या संस्थेकडे पैसा आणि पत्रकार असल्यामुळे कार्यक्रम तिच्या सोयीने ठरतो, आणि दक्षिणेकडच्या गटांना छायाचित्रापुरते बोलावले जाते. दुसरे, समान शत्रू गेला की जाळे विस्कटते. खटला संपल्यावर दक्षिण आफ्रिकेत असे घडू शकले असते, कारण राष्ट्राध्यक्ष थाबो म्बेकी एचआयव्हीमुळे एड्स होतो याबद्दलच शंका घेत होते आणि सरकार औषधे देईना. ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेनने ज्या सरकारची बाजू एप्रिल २००१मध्ये घेतली, त्याच सरकारला वर्ष संपायच्या आत न्यायालयात खेचले. ५ जुलै २००२ला घटनात्मक न्यायालयाने आईकडून बाळाला होणारा संसर्ग टाळण्यासाठी नेव्हिरापिन देण्याचा आदेश दिला. सरकारची मैत्रीण म्हणून ही संघटना गप्प बसली असती, तर स्वस्त औषध गोदामातच राहिले असते.

दोहा जाहीरनाम्याने काय मिळाले?

१४ नोव्हेंबर २००१ला जागतिक व्यापार संघटनेच्या दोहा परिषदेत मंत्र्यांनी मान्य केले की ट्रिप्स करार सार्वजनिक आरोग्याच्या आड येत नाही, येऊ नये, आणि सक्तीचा परवाना कोणत्या कारणासाठी द्यायचा हे प्रत्येक देश ठरवू शकतो. सक्तीचा परवाना म्हणजे पेटंटधारकाची संमती नसताना, मोबदला देऊन, दुसऱ्याला औषध बनवू देणे. ही सोय मूळ करारात होतीच. जाहीरनाम्याने ती वापरण्याची भीती कमी केली. अमेरिकेची बाजूही त्या सुमारास लंगडी पडली होती, कारण अँथ्रॅक्सच्या भीतीने तिथले सरकार स्वतःच बायरच्या सिप्रो या औषधाचे पेटंट बाजूला ठेवण्याची भाषा करत होते.

न सुटलेला प्रश्न जाहीरनाम्याच्या सहाव्या परिच्छेदात ठेवला गेला. मूळ करारानुसार सक्तीच्या परवान्याचा माल मुख्यतः देशांतर्गत बाजारासाठी हवा. मग ज्या देशात औषधाचा कारखानाच नाही, त्याने परवाना देऊन करायचे काय?

त्यावर तोडगा निघाला ना? तो चालला का?

निघाला, ३० ऑगस्ट २००३ला. चालला एकदाच.

रवांडाने जुलै २००७मध्ये जागतिक व्यापार संघटनेला कळवले की तीन औषधांची एकत्र गोळी आयात करायची आहे. कॅनडातील अपोटेक्स ही कंपनी ती बनवणार होती. पण आधी कॅनडाला त्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला, औषध त्या कायद्याच्या यादीत घालावे लागले, पेटंटधारकांशी स्वेच्छा परवान्याची बोलणी करून पाहावी लागली, मग सक्तीच्या परवान्याचा अर्ज. परवाना एका देशापुरता, ठरावीक संख्येपुरता आणि ठरावीक मुदतीपुरता. गोळीचा रंग किंवा वेष्टन वेगळे हवे, म्हणजे ती श्रीमंत बाजारात परत येणार नाही. इतके करून पहिली खेप सप्टेंबर २००८मध्ये गेली आणि दुसरी एका वर्षाने. दोन्ही मिळून सुमारे दीड कोटी गोळ्या. पुन्हा हा मार्ग वापरायचा नाही, असे अपोटेक्सने म्हटले. हीच तरतूद २०१७पासून ट्रिप्स कराराचा कायमचा भाग आहे. चालत नाही हे माहीत असलेली गोष्ट कायम करण्यात आली, यावर वेगळे भाष्य नको.

एड्सची औषधे प्रत्यक्षात पोहोचली ती दुसऱ्या वाटेने. भारतातून, जिथे २००५पर्यंत औषधाच्या रेणूला पेटंटच नव्हते. पैसा एड्स, क्षयरोग आणि मलेरियासाठी २००२मध्ये सुरू झालेल्या ग्लोबल फंडाकडून आणि नंतर अमेरिकी सरकारकडून आला. दर्जाची खात्री जागतिक आरोग्य संघटनेच्या पूर्वपात्रता यादीने दिली. ऑक्टोबर २००३मध्ये क्लिंटन फाउंडेशनने उत्पादकांशी एकगठ्ठा मागणीचा करार केला आणि दर वर्षाला सुमारे १४० डॉलरवर आला. आज पहिल्या फळीचा उपचार याहूनही बराच स्वस्त आहे. २०२३मध्ये ग्लोबल फंडाचा दर ४५ डॉलरच्या खाली गेला.

२००५नंतर भारतात काय शिल्लक राहिले? सामान्य माणूस पेटंटला विरोध करू शकतो का?

करू शकतो, आणि महाराष्ट्रातल्या रुग्णांनी तो केलेला आहे.

२००५च्या दुरुस्तीने औषधाच्या रेणूला पेटंट सुरू झाले. पण संसदेने डाव्या पक्षांच्या आणि आरोग्यगटांच्या दबावाखाली दोन गोष्टी ठेवल्या. कलम ३(ड) : ज्ञात पदार्थाचे नवे रूप, उदाहरणार्थ क्षार किंवा स्फटिक, केवळ नवे आहे म्हणून पेटंट नाही, परिणामकारकता ठळकपणे वाढली पाहिजे. कलम २५(१) : पेटंट मिळण्याआधी कोणीही विरोध नोंदवू शकतो.

या दुसऱ्या वाटेचे टप्पे असे. अर्ज साधारण अठरा महिन्यांनी पेटंट कार्यालयाच्या नियतकालिकात प्रसिद्ध होतो. प्रसिद्धीनंतर किमान सहा महिने पेटंट देता येत नाही. त्या काळात आणि पेटंट प्रत्यक्ष मिळेपर्यंत फॉर्म ७-ए भरून विरोध दाखल करायचा. कायद्यात अकरा आधार दिले आहेत. औषधांत मुख्यतः तीन उपयोगी पडतात : हे आधीच प्रसिद्ध होते, जाणकाराला हे सहज सुचले असते, आणि कलम ३(ड). ‘औषध महाग होईल’ हा आधार नाही. नवखे गट इथेच चुकतात. विरोध टिकतो तो जुन्या पेटंटच्या आणि शोधनिबंधांच्या प्रतींवर, त्यामुळे औषधरसायनाचा जाणकार सोबत नसेल तर अर्ज भावनिक निवेदन होऊन बसतो. शेवटी सुनावणी मागून घ्यायची. अर्जात तशी विनंती नसेल तर ती राहून जाते.

याचे ताजे उदाहरण बेडाक्विलिन. अनेक औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगावरचे हे औषध जॉन्सन अँड जॉन्सनचे. मूळ पेटंट जुलै २०२३मध्ये संपणार होते. कंपनीने त्याच रेणूच्या फ्युमरेट क्षारावर वेगळा अर्ज केला होता. तो मंजूर झाला असता तर मक्तेदारी २०२७पर्यंत गेली असती. महाराष्ट्रातील एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या जाळ्याने २०१३मध्येच त्याला विरोध नोंदवला. २०१९मध्ये क्षयरोगातून वाचलेल्या दोन महिलांनी, एक भारतातली आणि एक दक्षिण आफ्रिकेतली, सीमाविरहित डॉक्टरांच्या मदतीने दुसरा विरोध दाखल केला. मार्च २०२३मध्ये पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जागतिक औषधखरेदी यंत्रणेने जॉन्सन अँड जॉन्सनच्याच औषधाचा सहा महिन्यांच्या उपचाराचा दर १३० डॉलर जाहीर केला, आधीच्या निम्म्याहून कमी.

कॅन्सरच्या औषधाचा सक्तीचा परवाना मुंबईतूनच निघाला होता ना?

हो. ९ मार्च २०१२. बायरचे सोराफेनिब महिन्याला सुमारे २ लाख ८० हजार रुपयांना होते, नॅटको या भारतीय कंपनीने ८,८०० रुपयांत देऊ केले आणि विक्रीवर स्वामित्वशुल्क ठरवले गेले. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४मध्ये हा निर्णय कायम ठेवला. त्यानंतर भारताने औषधासाठी असा परवाना दिलेला नाही. कायद्यातली तरतूद वापरली की बौद्धिक संपदेवरच्या अमेरिकेच्या वार्षिक अहवालात नाव येते, आणि मग अधिकारी हात आखडता घेतात.

स्वयंसेवी संस्था तरी कोणाला उत्तरदायी असतात? कंपन्यांच्या पैशाने चालणारे ‘रुग्णगट’ कसे ओळखायचे?

प्रश्न रास्त आहे. कोणीही त्यांना निवडून दिलेले नसते, आणि रुग्णगटाच्या नावाने कंपनीची भूमिका मांडणारेही असतात.

आधी लेखापरीक्षित वार्षिक हिशेब पाहा. तो संकेतस्थळावर नसेल तर तिथेच सावध व्हा. देणगीदारांची नावे आहेत की फक्त ‘उद्योग भागीदार’ असे मोघम आहे? युरोपीय संघात प्रभाव टाकणाऱ्या संस्थांची सार्वजनिक नोंदवही आहे, तीत निधीचे स्रोत आणि खर्च दिसतो. अमेरिकेत लॉबिंगची विवरणे दर तिमाहीला द्यावी लागतात, त्यात अशिलाचे नाव असते. ना-नफा संस्थांच्या कर विवरणात उत्पन्न दिसते, पण देणगीदारांची नावे सहसा झाकलेली असतात. सर्वांत चांगली चाचणी मात्र हिशेबाबाहेरची आहे : औषधाच्या किमतीवर या गटाने कधी एक वाक्य तरी लिहिले आहे का? केवळ ‘नव्या औषधाला लवकर मंजुरी द्या’ एवढेच वर्षानुवर्षे म्हणणारा गट बहुधा कोणाच्या तरी सोयीचा असतो.

उलट बाजूचे उदाहरण. २०१६मध्ये सीमाविरहित डॉक्टरांनी फायझरने देऊ केलेल्या न्यूमोनियाच्या दहा लाख फुकट लसी नाकारल्या. बाहेरून हे विचित्र दिसते. पण फुकटची लस कंपनी ठरवेल तिथे आणि तेवढीच मिळते, आणि बाकीच्या देशांसाठी दर उतरवण्याचा दबाव नाहीसा होतो. महिन्याभरात कंपनीने आपत्तीतल्या मदतकार्यासाठी दर कमी केला.

कोविडमध्ये हीच मोहीम का हरली?

२ ऑक्टोबर २०२०ला भारत आणि दक्षिण आफ्रिकेने लसी, औषधे आणि चाचण्यांवरचे बौद्धिक संपदेचे नियम तात्पुरते स्थगित करा, असा प्रस्ताव मांडला. शंभराहून अधिक देश आणि जवळजवळ सगळ्या जुन्या संस्था पाठीशी होत्या. मे २०२१मध्ये अमेरिकेने लसींपुरता पाठिंबा दिला. तरी १७ जून २०२२ला निघालेला निर्णय फक्त लसींच्या पेटंटपुरता होता आणि तोपर्यंत लसींचा तुटवडा संपत आला होता.

कारण २००१मधला मुख्य पत्ता हातात नव्हता. गोळीचा रेणू कळला की रसायनतज्ज्ञ प्रक्रिया शोधतो. एमआरएनए लस तशी नाही. यंत्रे, पेशी, शुद्धीकरणाची पद्धत आणि व्यापारी गुपिते लागतात, ती पेटंटच्या कागदात नसतात. म्हणून ‘परवानगी द्या, आम्ही स्वस्तात देतो’ असे सांगणारी कंपनी उभी राहिली नाही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने कोव्हिशील्ड बनवली ती ॲस्ट्राझेनेकाच्या स्वेच्छा परवान्यावर, तंत्रज्ञान मिळाल्यामुळे. आणि मार्च-एप्रिल २०२१मध्ये देशात लाट आल्यावर भारत सरकारने निर्यात रोखली, तेव्हा कोव्हॅक्स या जागतिक वाटप योजनेचा पुरवठाच अडला. जगातला मोठा लसउत्पादक आणि जागतिक योजना एका सरकारी निर्णयापुढे थांबल्या.

‘कंपन्या देशांपेक्षा मोठ्या झाल्या’ हा दावा बरोबर आहे का?

तो बहुधा कंपनीच्या विक्रीची तुलना देशाच्या सकल उत्पादनाशी करून केला जातो, आणि ती तुलनाच चुकीची आहे. सकल उत्पादनात फक्त वाढीव मूल्य मोजतात. विक्रीत दुसऱ्याकडून घेतलेल्या कच्च्या मालाची किंमतही येते. तुलना करायचीच तर कंपनीच्या वाढीव मूल्याशी करा. मग यादी बरीच लहान होते.

आत्ता कशावर लक्ष ठेवायचे?

द्विपक्षीय व्यापार करारांवर. जागतिक मंचावर जे मिळाले नाही, ते तिथे एकेका देशाकडून मागितले जाते. उदाहरणार्थ चाचणीमाहितीची मक्तेदारी : पेटंट नसले तरी पहिल्या कंपनीची चाचणीमाहिती आधार धरून काही वर्षे जेनेरिकला परवानगी द्यायची नाही. करारांचे मसुदे वाटाघाटी चालू असताना गुप्त असतात, त्यामुळे संस्था फुटलेल्या प्रतींवर काम करतात.

दुसरे, देशांतले नियम. मार्च २०२४मध्ये भारताने पेटंट नियम बदलले. पेटंटपूर्व विरोधाला आता शुल्क आहे, आणि तो दाखल करून घेण्याजोगा आहे की नाही हे नियंत्रक आधी तपासतो. कायदा तसाच आहे, कलम २५(१) मधले ‘कोणीही’ही तसेच आहे, पण पहिल्याच पानावर विरोध बाद होऊ नये म्हणून आता अर्जदाराची ओळख, आधार आणि पुरावे सुरुवातीपासून पक्के जोडावे लागतात.